मीटरभर चौरस पत्र्यातून चकत्या: शंभर, एकशेपाच की एकशेसहा?

एक मीटर बाय एक मीटरचा चौरस पत्रा आहे आणि त्यातून १०० मिलिमीटर व्यासाची वर्तुळे काढायची आहेत. बहुतेकांचे पहिले उत्तर १०० असते: दहा ओळी, प्रत्येकीत दहा. थोडी भूमिती वाचलेला माणूस म्हणतो, ओळी एकमेकींच्या खाचेत बसवा, १५ टक्के तरी जास्त निघतील. दोघांच्याही हाती प्रत्यक्षात वेगळा आकडा लागतो, आणि तो का लागतो हे पाहिले की वाया जाणारा पत्रा नेमका कुठे जातो ते कळते.

आधी कापण्याची रुंदी, कडेची सोड वगैरे बाजूला ठेवू आणि वर्तुळे एकमेकांना व कडांना टेकलेली आहेत असे धरू.

चौकोनी मांडणीत प्रत्येक वर्तुळ १०० मिमीच्या चौरस घरात बसते. घराचे क्षेत्रफळ १०,००० चौ. मिमी आणि वर्तुळाचे ७,८५४. म्हणजे प्रत्येक घरात २,१४६ चौ. मिमी वाया, २१.४६ टक्के. पत्र्याची बाजू व्यासाच्या बरोबर दहापट असल्यामुळे कडेला काहीही उरत नाही. सगळे नुकसान घरांच्या कोपऱ्यांतल्या फटींमध्येच आहे.

षटकोनी मांडणीत दुसरी ओळ अर्ध्या व्यासाने सरकते आणि पहिल्या ओळीच्या खाचांमध्ये उतरते. शेजारच्या तीन वर्तुळांचे केंद्रबिंदू १०० मिमी बाजूचा समभुज त्रिकोण करतात. त्याची उंची ८६.६०२५ मिमी, तेच दोन ओळींमधले अंतर. आता एका वर्तुळाच्या वाट्याला १०० गुणिले ८६.६, म्हणजे ८,६६० चौ. मिमी येतात आणि वाया जातात फक्त ८०६. प्रमाण ९.३१ टक्के. अमर्याद प्रतलावर समान वर्तुळांची याहून दाट मांडणी असूच शकत नाही. नियमित जाळीपुरते हे लाग्रांजने १७७३ मध्ये दाखवले होते, आणि कोणत्याही मांडणीसाठीची पूर्ण सिद्धता हंगेरियन गणितज्ञ लास्लो फेयेश तोथ यांनी १९४०च्या दशकात दिली.

पण आपला पत्रा अमर्याद नाही. ओळी मोजू. पहिल्या आणि शेवटच्या ओळीच्या केंद्रांमध्ये जास्तीत जास्त ९०० मिमी मिळतात. ९०० भागिले ८६.६०२५ म्हणजे १०.३९, म्हणून दहा अंतरे आणि अकरा ओळी. एक ओळ जास्त मिळाली. मात्र सरकलेल्या ओळीत दहा वर्तुळे मावत नाहीत, नऊच मावतात. सहा ओळी दहाच्या आणि पाच ओळी नऊच्या, एकूण १०५. वाया १७.५३ टक्के.

साडेनऊ टक्क्यांहूनही कमीचे आश्वासन होते आणि साडेसतरा हाती आले. वरचे आठ टक्के कुठे गेले, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. वर्तुळांच्या मधल्या बारीक त्रिकोणी फटी १०५ गुणिले ८०६, म्हणजे पत्र्याच्या ८.४७ टक्के. उरलेले ९.०७ टक्के पूर्णपणे कडेचे आहेत आणि त्यांचे तीन भाग पडतात. नऊच्या पाच ओळींना दोन्ही टोकांना अर्ध्या व्यासाची, ५० मिमीची जागा रिकामी राहते. अशा दहा जागा मिळून ४.३३ टक्के. अकरा ओळींची उंची ९६६ मिमी होते, त्यामुळे वर ३४ मिमीची सलग पट्टी उरते, ती ३.४० टक्के. तिसरा भाग लहान आहे. तळाच्या आणि माथ्याच्या ओळीला खाचेत शिरायला पलीकडे ओळच नसते, म्हणून तिथे प्रत्येकी ६.७ मिमी जास्त लागतात, ते १.३४ टक्के.

म्हणजे षटकोनी मांडणी आतली जागा वाचवते आणि त्याची किंमत कडेला मोजते. पत्रा जितका मोठा किंवा चकती जितकी लहान, तितका कडेचा वाटा घटतो. मीटरच्या पत्र्यात दहा व्यासच मावत असतील, तर कडेचे नुकसान फटींच्या नुकसानाहून मोठे असते.

हा हिशेब मांडला की पुढची पायरी आपोआप सुचते. वरची ३४ मिमीची पट्टी निष्क्रिय पडून आहे. तिच्यात वर्तुळ मावत नाही, पण ती उंची आपण आत वापरू शकतो. एखादी ओळ खाचेत न बसवता खालच्या ओळीच्या थेट डोक्यावर ठेवली, म्हणजे त्या एका जागी चौकोनी मांडणी केली, तर अंतर ८६.६ ऐवजी १०० होते आणि १३.४ मिमी खर्च होतात. ३४ मिमीत असे दोन खर्च बसतात. फायदा असा की दहाच्या ओळीवर लगेच दहाचीच ओळ ठेवता येते.

इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. असा एकच बदल केला तर काहीच मिळत नाही. अकरा ओळींचे दोन गट पडतात, त्यातला एक विषम आणि एक सम संख्येचा असतो, आणि नऊच्या ओळी पुन्हा पाचच राहतात. दोन बदल केले तर तीन गट पडतात आणि तिन्ही विषम संख्येचे करता येतात: तीन, तीन आणि पाच ओळींचे. विषम गट दहाने सुरू होऊन दहानेच संपतो. मग नऊच्या ओळी चारच उरतात, दहाच्या सात होतात, आणि बेरीज १०६.

तळापासून केंद्रांच्या उंची अशा येतात (मिमी): ५०, १३६.६०, २२३.२१, मग १०० ची उडी घेऊन ३२३.२१, ४०९.८१, ४९६.४१, पुन्हा १०० ची उडी आणि ५९६.४१, ६८३.०१, ७६९.६२, ८५६.२२, ९४२.८२. प्रत्येक गटातली पहिली, तिसरी, पाचवी ओळ डाव्या कडेपासून ५० मिमीवर सुरू होते आणि तीत दहा वर्तुळे असतात. दुसरी आणि चौथी ओळ १०० मिमीवर सुरू होते आणि तीत नऊ. एकूण उंची ९९२.८२ मिमी. वाया १६.७५ टक्के. निव्वळ षटकोनी मांडणीला एका वर्तुळाने हरवणारी ही मिश्र मांडणी आहे.

आता खरा पत्रा घेऊ. १ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, ९७ मिमी व्यासाच्या चकत्या, दोन चकत्यांमध्ये ३ मिमीची पट्टी. केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच, १०० मिमी. कडेला दीड मिमी सोडली तर केंद्रांसाठी ९०० मिमीच उरतात आणि वरचे सगळे आकडे जसेच्या तसे लागू पडतात: १००, १०५, १०६. ९७ मिमीची चकती ७,३९० चौ. मिमीची आहे, म्हणून भंगार अनुक्रमे २६.१, २२.४ आणि २१.७ टक्के.

पण दीड मिमीची कड प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी पुरते. पत्र्याची कापलेली कड सरळ नसते, मशीनवर पत्रा लावताना थोडा सरकतो, म्हणून कडेला ५ मिमी सोडणे सुरक्षित वाटते. समजा सोडले. आता केंद्रांसाठी १००० वजा १० वजा ९७, म्हणजे ८९३ मिमी उरले. दहा केंद्रांना ९०० लागतात. सात मिलिमीटरसाठी प्रत्येक ओळीतली दहावी चकती गेली आणि दहावी ओळही गेली. चौकोनी मांडणी १०० वरून थेट ८१ वर येते. भंगार ४० टक्के.

त्याच ८९३ मिमीत षटकोनी मांडणी ९९ देते. ओळीत नऊ चकत्या असल्या तर केंद्रांना ८०० मिमी लागतात आणि ९३ उरतात. सरकलेल्या ओळीला ५० हवे असतात, ते या उरलेल्यात आरामात मिळतात, म्हणून तिच्यातही नऊच मावतात. कोणतीही ओळ तोकडी होत नाही. ओळी अकरा, एकूण ९९. आधी टोकांना वाया जाणारी अर्ध्या व्यासाची जागा आता उरलेल्या रुंदीत सामावली. चौकोनी आणि षटकोनी मांडणीतला फरक पाच चकत्यांचा होता, तो अठराचा झाला. हा फरक पत्र्याच्या आकारावर नव्हे, व्यासांच्या संख्येत उरणाऱ्या अपूर्णांकावर ठरतो. रुंदीत पूर्ण व्यासांवर किमान अर्धा व्यास उरत असेल तर षटकोनी मांडणी कडेची किंमत मोजतच नाही.

तरीही ९९ वर थांबण्याचे कारण नाही. ८९३ ला नऊने भागले तर ९९.२२ येतात. पिच ९९.२ केली, म्हणजे मधली पट्टी ३ ऐवजी २.२ मिमी ठेवली, तर ओळीत पुन्हा दहा चकत्या बसतात. ओळींमधले अंतर ८५.९१ होते आणि तीन-तीन-पाचची मिश्र मांडणीही बसते: तिला केंद्रांमध्ये ८८५.७ मिमी लागतात, आपल्याकडे ८९३ आहेत. कडेची ५ मिमी सोड तशीच ठेवून १०६ मिळाल्या. दहा हजार चकत्यांसाठी चौकोनी ८१ च्या हिशेबाने १२४ पत्रे लागले असते, ९९ ने १०२ आणि १०६ ने ९५.

पट्टी किती बारीक करता येईल हे कापण्याच्या पद्धतीवर आहे, आणि इथे हात आखडता घ्यावा. पंच आणि डायने कापताना पट्टी साधारण पत्र्याच्या जाडीइतकी ते दीडपट ठेवतात. १ मिमी पत्र्याला २.२ भरपूर झाली. त्याहून फार बारीक केली तर ती पट्टी पंचाबरोबर डायमध्ये ओढली जाते, चकतीच्या कडेला एका बाजूला लांब बर, म्हणजे धातूची धारदार कोर, येते आणि गोलाई बिघडते. एकाच बाजूला बर दिसली, आणि ती बाजू नेहमी आधीच्या भोकाकडची असली, तर पट्टी कमी पडते आहे हे ओळखावे. लेझरवर अडचण वेगळी असते. बारीक पट्टी तापते, उरलेल्या पत्र्याचा सांगाडा वाकतो आणि सुटलेली चकती तिरकी होऊन वर येते. कटिंग हेड तिला धडकू शकते. म्हणून तिथे शेजारशेजारच्या चकत्या सलग न कापता एक सोडून एक कापण्याचा क्रम लावतात.

मोजमापातल्या चुकाही ठरावीक जागी होतात. सर्वांत महाग चूक पत्रा मीटरचा आहे असे गृहीत धरण्याची. दीड मिमी कडेच्या मांडणीत रुंदीला शून्य सोड आहे. पत्रा ९९९ मिमीचा निघाला तर दहाव्या स्तंभाबाहेर दीड मिमीऐवजी अर्धाच मिमी कड उरते. त्याशिवाय पत्रा काटकोनात आहे का हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. दोन्ही १४१४.२ च्या आसपास आणि सारखे हवेत. दोन्ही उभ्या कडा मीटरभर उंचीत ३ मिमीने एकाच बाजूला कलल्या असतील, तर कर्णांत सुमारे ४.२ मिमीचा फरक दिसतो. फक्त बाजू मोजल्या तर हा कल दिसत नाही.

दुसरी चूक ओळींमधले अंतर तोडून लिहिण्याची. ८६.६०२५ चे ८६.६ केले तर तिरक्या शेजाऱ्यांमधले अंतर दोन-तीन हजारांश मिलिमीटरने घटते, त्याने काही बिघडत नाही. ८६ लिहिले तर मात्र ते ९९.४८ होते आणि अर्धा मिमी पट्टी गेली. गोळाबेरीज करायचीच असेल तर वर करावी. निव्वळ षटकोनी १०५ च्या मांडणीत वर ३४ मिमी मोकळे असतात, त्यामुळे ८७ सहज चालते. तीच मोकळी पट्टी पत्रा पकडणाऱ्या क्लॅम्पसाठीही उपयोगी पडते. जिथे क्लॅम्पला एका बाजूने २५-३० मिमी द्यावेच लागतात, तिथे १०६ चा हट्ट धरू नये. १०५ घ्यावे.

षटकोनी मांडणी नेहमीच जिंकते असा समज या उदाहरणावरून करून घेऊ नये. १०० मिमीच्या पिचसाठी ७०० मिमीचा चौरस घ्या (पट्टीशिवायच्या आदर्श स्थितीत). चौकोनी मांडणी ४९ देते. षटकोनीत केंद्रांच्या ६०० मिमी उंचीत सहा अंतरे बसतात, सात ओळी, ७ आणि ६ आळीपाळीने: ४६. वर ८० मिमी रिकामे उरतात आणि पुढच्या ओळीला ८६.६ हवे असतात. ५०० आणि ६०० मिमीच्या चौरसातही चौकोनीच पुढे असते. किंबहुना बाजू व्यासाच्या सहापट असेपर्यंत, म्हणजे ३६ वर्तुळांपर्यंत, चौकोनी जाळीहून चांगली मांडणी नाही हे सिद्ध झालेले आहे. ४९ ला हे तुटते. नुर्मेला आणि ओस्टरगार्ड या फिनलंडच्या दोन गणितज्ञांनी १९९७ मध्ये ४९ वर्तुळांची एक अनियमित मांडणी दिली, जिच्यात वर्तुळे किंचित मोठी घेता येतात. ७०० मिमीच्या चौरसात ही वाढ व्यासात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. गणित म्हणून हा निकाल सुंदर आहे, पण पत्रा कापणाऱ्याने ७०० मिमीला चौकोनी जाळीच वापरावी.

८०० मिमीला पारडे फिरते. केंद्रांच्या ७०० मिमी उंचीत आठ अंतरांना ६९२.८ लागतात. नऊ ओळी, ८ आणि ७ आळीपाळीने, ६८, चौकोनीत ६४. वर फक्त ७ मिमी उरतात, म्हणून वाया १६.५५ टक्केच. पत्रा लहान असूनही हे प्रमाण मीटरच्या पत्र्यातल्या १०५ पेक्षा चांगले आहे. उरलेली पट्टी किती जाड आहे यावर किती ठरते ते इथे दिसते.

चौकोनी आणि षटकोनी मोजणी झटपट करायला एवढे पुरते:

```python
from math import floor, sqrt

def count(L, d, gap, edge):
    p = d + gap
    a = L - 2*edge - d
    e = 1e-9
    n1 = floor(a/p + e) + 1
    n2 = floor((a - p/2)/p + e) + 1
    rows = floor(a/(p*sqrt(3)/2) + e) + 1
    hexa = (rows - rows//2)*n1 + (rows//2)*n2
    return n1*n1, hexa, rows

print(count(1000, 97, 3, 1.5))   # (100, 105, 11)
print(count(1000, 97, 3, 5))     # (81, 99, 11)
print(count(1000, 97, 2.2, 5))   # (100, 105, 11)
```

`e` ही बारीकशी भर मुद्दाम घातली आहे. ९०० भागिले १०० सारखा पूर्ण भागाकार संगणकात ८.९९९… असा आला तर `floor` एक स्तंभ खाऊन टाकतो. मिश्र मांडणी हा कोड मोजत नाही. ती पाहायला ओळींनंतर उरलेल्या उंचीला पिचच्या ०.१३४ पटीने भागावे. ओळींची संख्या विषम असेल आणि उत्तर दोन किंवा जास्त आले तर किमान एक चकती वाढते. ओळी सम असतील तर एकच बदल पुरतो. ९०० मिमीच्या चौरसात तसेच होते: दहा ओळी, निव्वळ षटकोनी ८५, एका बदलाने ८६. मात्र हे सगळे सरकलेली ओळ तोकडी पडत असेल तेव्हाच. दोन्ही ओळींत सारख्याच चकत्या मावत असतील तर बदल करून काही मिळत नाही.

पत्र्याचा आकार निवडण्याची मोकळीक असेल तर मीटरऐवजी १०५० मिमीचा चौरस तपासून पाहावा. ९७ मिमी चकती, ३ मिमी पट्टी, दीड मिमी कड: केंद्रांसाठी ९५० मिमी. ओळीत दहा, सरकलेल्या ओळीतही दहा, कारण रुंदी बरोबर साडेनऊ पिच आहे. ओळी अकरा, एकूण ११०. बाराव्या ओळीला ९५२.६ मिमी हवेत, म्हणजे २.६ मिमी कमी पडतात. ओळीतले अंतर १०० च ठेवावे आणि ओळींमधले ८६.६० ऐवजी ८६.३६ करावे. बारावी ओळ बसते. तिरक्या शेजाऱ्यांमधले अंतर ९९.७९ होते, म्हणजे त्या दिशेने पट्टी ३ ऐवजी २.७९ मिमी राहते, आणि तिने पंचालाही लेझरलाही काही फरक पडत नाही. चकत्या १२०, भंगार १९.६ टक्के. त्याच पत्र्यावर चौकोनी जाळीत मात्र १०० च निघतात, कारण तिला वाढलेल्या ५० मिमीचा काहीच उपयोग नसतो.